एका गिऱ्हाइकामागे जाहिरातीवर किती घालावेत?

प्रश्न: आम्ही निपाणीजवळ घरगुती मसाला तिखट करतो. दुकानांत माल जातोच, पण दीड वर्षापासून वेबसाइट आणि व्हॉट्सअपवरूनही विकतोय. जाहिरातीच्या पानावर एक ऑर्डर १८० रुपयांना पडते असं दिसतं आणि एका ऑर्डरमागे आम्हाला १८५ उरतात. माझे दीर म्हणतात, पाच रुपयांसाठी हा खटाटोप कशाला, बंद करा. जाहिरातवाला म्हणतो, तुमचा रिपीट रेट ३४ टक्के आणि लाइफटाइम व्हॅल्यू, म्हणजे एक गिऱ्हाईक टिकेल तोवर देईल ते, २,३६२ रुपये आहे, एका गिऱ्हाइकामागे साडेसातशेपर्यंत खुशाल घाला. कोणाचं ऐकू? ऑर्डरींची यादी, जाहिरातीचा आणि मालाचा हिशोब सोबत जोडला आहे.

उत्तर:

ताई, यादी पाहिली. तुमचे दीर ज्या १८० वर बोलतायत तो आकडा खरा नाही, आणि जाहिरातवाल्याचे २,३६२ तर अजिबात खरे नाहीत. दोन्ही नीट काढले की उत्तर आपोआप दिसतं, आणि ते दोघांच्याही म्हणण्यापेक्षा वेगळं आहे.

आधी १८० चं बघू. गेल्या महिन्यात जाहिरातीवर १८,००० गेले आणि पानावर १०० ऑर्डरी दिसल्या, म्हणून १८०. पण ऑर्डर येणं आणि पैसे हातात पडणं यात फरक आहे. त्या शंभरातल्या ६० कॅश ऑन डिलिव्हरीच्या होत्या आणि त्यातल्या १२ परत आल्या. कोणी फोन उचलला नाही, कोणी 'मी मागवलंच नाही' म्हणालं. पोचल्या ८८. शिवाय जाहिरातवाल्याची महिन्याची ३,००० फी तुम्ही कुठल्या तरी वेगळ्या वहीत लिहिलीय. तीही गिऱ्हाईक आणण्याचाच खर्च आहे. म्हणजे २१,००० भागिले ८८, एका पोचलेल्या ऑर्डरीला २३९ रुपये.

इथेही थांबता येत नाही. त्या ८८ ऑर्डरींचे फोन नंबर मी जुन्या यादीशी ताडून पाहिले तर १४ नंबर आधीचेच निघाले. ही माणसं तुमचा मसाला संपला म्हणून परत मागवणारच होती. फोन हातात घेतल्यावर तुमची जाहिरात समोर आली, त्यावरून आत शिरली, आणि जाहिरातीच्या पानाने ती ऑर्डर आपल्या खात्यावर मांडली. नवीन गिऱ्हाइकं आली ७४. २१,००० भागिले ७४ म्हणजे २८४. तुमचा खरा खर्च हा आहे.

जाहिरातीच्या बिलावर लागणारा १८ टक्के जीएसटी मी यात धरला नाही, कारण तुमची नोंदणी आहे आणि तो तुम्हाला क्रेडिट म्हणून मिळतो. जाहिरात खात्यात तुमचा जीएसटी नंबर भरलेला आहे ना, तेवढं बघून घ्या. नसेल तर २८४ मध्ये अजून चाळीस-पंचेचाळीस वाढतील.

आता १८५. सरासरी ऑर्डर ६३० ची. त्यातला ५ टक्के जीएसटी सरकारचा, तो काढला की ६०० राहतात. मिरची, लसूण, तेल, खडा मसाला, डंकावरची कुटाई आणि पाऊच मिळून २९०. खोकं २५, कुरिअर ८५, पेमेंटचा खर्च सरासरी १५. उरले १८५. हे तुम्ही बरोबर काढलंत. फक्त परत आलेल्या बारा पार्सलांचा भुर्दंड त्यात नाही. एका परतीला जायचं कुरिअर ८५, यायचं ६० आणि खोकं २५, असे १७० जातात. बारांचे २,०४० होतात, ते पोचलेल्या ८८ वर वाटले की दर ऑर्डरीला २३. पाऊच फुटला नाही तर मसाला परत विकता येतो, म्हणून मालाची किंमत मी धरली नाही. तर पहिल्या ऑर्डरीत हातात राहतात १६२.

इथे सीमेवरच्या धंद्याचं एक दुखणं सांगतो. कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड आपल्याला दारातलं वाटतं, पण निपाणी कर्नाटकात आणि ती गावं महाराष्ट्रात, म्हणून कायद्याने तो परराज्यातला व्यवहार आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी करावीच लागते, आणि छोट्या धंद्यांसाठीच्या कंपोझिशन स्कीममध्ये राहून तसा माल विकता येत नाही. पलीकडे गडहिंग्लजचा उत्पादक स्वतःच्या वेबसाइटवरून फक्त महाराष्ट्रात विकत असेल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत तो नोंदणीशिवाय राहू शकतो. तो ६३० ला विकतो आणि तुम्हीही ६३० ला विकता, पण तुमचे त्यातले ३० सरकारचे. त्याला खरेदीवरचं क्रेडिट मिळत नाही हे खरं, पण मिरची-लसणात ते असं कितीसं असणार? त्यामुळे पलीकडच्या कुणाचा आकडा ऐकून आपली मर्यादा ठरवू नका.

तर पहिल्या व्यवहारात १६२ येतात आणि २८४ जातात. १२२ रुपयांचा खड्डा. दीर हे वाचून म्हणतील, बघा, मी काय सांगत होतो! त्यांना थोडं थांबवा, कारण अजून परत येणाऱ्या गिऱ्हाइकांचा हिशोब झालेला नाही.

जाहिरातवाल्याचा ३४ टक्के रिपीट रेट कुठून आला ते तुमच्याच यादीत सापडलं. एका महिन्याच्या एकूण ऑर्डरींपैकी ३४ टक्के जुन्या गिऱ्हाइकांच्या होत्या. हा झाला त्या महिन्याच्या गल्ल्यातला जुन्यांचा वाटा. आपल्याला विचारायचंय वेगळंच: आज आलेल्या शंभर नव्या माणसांपैकी किती जण पुन्हा मागवतात? या दोन आकड्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. उद्या जाहिरात पूर्ण बंद केलीत तर नवीन कोणी येणार नाही, सगळ्या ऑर्डरी जुन्यांच्याच राहतील आणि हा 'रिपीट रेट' शंभरावर जाईल. धंदा बसत असताना वर चढणारा आकडा काय कामाचा?

खरा रेट काढायला एका काळात पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकांची तुकडी घ्यायची आणि फक्त तिच्याच मागे वर्षभर जायचं. तुकडीला वर्ष पूर्ण झालेलं असलं पाहिजे. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाचा पहिला पाऊचच अजून संपला नसेल, त्याला 'परत आला नाही' म्हणणं चूक आणि हिशोबात मिसळणंही चूक.

हे गुगल शीटमध्ये सहज होतं. रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डरी आधी काढून टाका आणि यादी तारखेप्रमाणे लावा, जुनी वर, नवी खाली. A मध्ये तारीख, B मध्ये फोन नंबर. नंबर कुठे +91 लावून, कुठे मधे जागा सोडून लिहिलेले असतात, म्हणून C मध्ये शेवटचे दहा आकडे घ्यायचे. D मध्ये ही त्या गिऱ्हाइकाची कितवी ऑर्डर ते येईल आणि E मध्ये त्याची पहिली तारीख.

```
C2: =RIGHT(SUBSTITUTE(B2," ",""),10)
D2: =COUNTIF(C$2:C2,C2)
E2: =MINIFS(A:A,C:C,C2)
```

तिन्ही सूत्रं खालपर्यंत ओढा आणि E ला तारखेचं रूप द्या. मग E मध्ये ज्यांची तारीख तुमच्या तुकडीच्या काळात येते आणि A उणे E ३६५ च्या आत आहे, तेवढ्याच ओळी ठेवायच्या. त्यात D मध्ये १ किती वेळा, २ किती वेळा, ३ किती वेळा हे मोजलं की झालं. घरातल्या बाईने एकदा नवऱ्याच्या नंबरवरून मागवलं, एकदा स्वतःच्या, तर ती दोन माणसं दिसतील. तेवढी चूक राहू द्या. पत्ते जुळवत बसण्यात दिवस जातो आणि आकडा फारसा हलत नाही.

एक गोष्ट मात्र मी हाताने काढली. पुण्यातली एक मेस तुमच्याकडून वर्षात १९ वेळा मसाला घेऊन गेलीय. चांगलं गिऱ्हाईक आहे, जपा. पण तसं गिऱ्हाईक दर जाहिरातीला मिळत नाही, आणि तिला सरासरीत ठेवलं तर घरगुती गिऱ्हाइकांचं चित्र उगाच गुलाबी दिसतं.

गेल्या वर्षीच्या जून ते ऑगस्टमध्ये जाहिरातीवरून आलेली तुमची तुकडी २५० जणांची आहे. वर्षभरात त्यातल्या ६० जणांनी दुसरी ऑर्डर दिली. म्हणजे खरा रिपीट रेट २४ टक्के. पुढे तिसरी ३३ जणांनी, चौथी २१, पाचवी १३, सहावी ८ आणि सातवी ५ जणांनी. वर्षभराच्या पुन्हाच्या ऑर्डरी एकूण १४०.

हे आकडे जरा निवांत बघा, कारण सगळा धंदा यातच आहे. पहिलीवरून दुसरीवर येतात शंभरातले चोवीस. पण दुसरीवरून तिसरीवर निम्म्याहून जास्त आणि त्यानंतर दर पायरीला बासष्ट-चौसष्ट टक्के. ज्याच्या घरात तुमच्या तिखटाची चव बसली तो सहसा सुटत नाही. गळती आहे ती पहिल्या पाऊचनंतर. म्हणून दहाव्या ऑर्डरीवर बक्षीस, पॉइंट जमवा वगैरे योजनांच्या मागे लागू नका. दहाव्या ऑर्डरीपर्यंत जाणारा माणूस तसाही जाणारच आहे. पैसा आणि डोकं दुसऱ्या ऑर्डरीवर घाला. तुमच्या यादीत दुसरी ऑर्डर साधारण सत्तर दिवसांनी येते. पंचावन्न-साठाव्या दिवशी, पाऊचच्या तळाला चमचा लागायला लागतो तेव्हा, व्हॉट्सअपवर साधा निरोप जाऊ दे. विसाव्या दिवशी पाठवलेला निरोप वाया जातो, आणि शंभराव्या दिवसापर्यंत त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरं पाकीट आणलेलं असतं.

आता पुन्हाच्या ऑर्डरीत किती उरतात? ती थोडी मोठी असते, ७३५ ची, जीएसटी काढून ७००. माल ३३८, खोकं २५, कुरिअर ९५, पेमेंट १२, निरोप आणि थोडी सूट मिळून १०. उरले २२०. पैसे बहुतेक आधीच येतात, परतीचा ताप नाही.

२५० माणसांमागे १४० ऑर्डरी म्हणजे माणशी ०.५६. त्याला २२० ने गुणलं की १२३. पहिल्या ऑर्डरीचे १६२ मिळवा: एका गिऱ्हाइकाकडून वर्षभरात २८५ रुपये.

म्हणजे गिऱ्हाईक आणायला २८४ आणि वर्षभरात त्याच्याकडून २८५. तुमचा दीड वर्षाचा खटाटोप बरोबरीत सुटलाय.

जाहिरातवाल्याचे २,३६२ असे आले: ६३० गुणिले वर्षाला दीड ऑर्डर गुणिले अडीच वर्षं. ६३० ही विक्री आहे, नफा नाही, आणि त्यात सरकारचा जीएसटीही आहे. दीड ऑर्डर ही त्या चुकीच्या ३४ टक्क्यांवरून काढलेली. आणि अडीच वर्षं? तुमची वेबसाइट सुरू होऊन दीड वर्ष झालंय. अडीच वर्षं टिकलेलं एकही गिऱ्हाईक अजून जन्माला आलेलं नाही. मग त्याला तीनने भागून ७८७, म्हणजे ढोबळ साडेसातशे. 'व्हॅल्यूच्या एक तृतीयांश खर्च करा' हा ठोकताळा दर महिन्याला ठरलेले पैसे घेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात वाढलाय. तिथे माणूस सोडून गेला की कळतं, कारण पैसे थांबतात. मसाल्याचं गिऱ्हाईक सांगून जात नाही, म्हणून त्याचं 'आयुष्य' किती हे सूत्राने काढू नये. जेवढा काळ प्रत्यक्ष बघितलाय, तेवढाच धरावा. छोट्या धंद्याला मी बारा महिन्यांपलीकडे जाऊ देत नाही. पुढच्या वर्षी कोणी मागवलं तर ती वरकमाई समजायची.

आता सरासरी फोडू, कारण खरी गंमत तिच्या पोटात आहे. मी तुकडी पिनकोडप्रमाणे दोन भागांत वाटली. एका बाजूला पुणे-मुंबई, ११० माणसं. दुसऱ्या बाजूला आपला मुलूख म्हणजे बेळगाव, चिकोडी, कोल्हापूर, सांगली आणि थोडं गोवा, १४० माणसं. १४० पुन्हाच्या ऑर्डरींपैकी १०० पुणे-मुंबईच्या निघाल्या आणि फक्त ४० इकडच्या.

याचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं तिखट घरोघरी होतं. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी, गच्चीवर वाळवण आणि मग डंकाची रांग. जूनमध्ये ज्याचा डबा कमी पडला किंवा जाहिरात बघून चाखावंसं वाटलं, त्याने एक पाऊच घेतला आणि विषय संपला. त्याच्या घरी बरणी भरलेली आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मिरची वाळवायला जागा नाही आणि कुटायला वेळ नाही, तो दर दोन-अडीच महिन्यांनी मागवतो.

रुपयांत सांगायचं तर पुणे-मुंबईचं गिऱ्हाईक: १६२ अधिक ०.९१ गुणिले २२०, एकूण ३६२. इकडचं: १६२ अधिक ०.२९ गुणिले २२०, एकूण २२५. गिऱ्हाईक आणायचा खर्च, म्हणजे आणणावळ, पुणे-मुंबईला ३२० पडली आणि इकडे २५५. कुरिअरमध्ये दोन्हीकडे थोडा फरक पडेल, तो मी सोडून दिला. म्हणजे महाग दिसणारं पुण्याचं गिऱ्हाईक ४२ रुपये देऊन जातं आणि स्वस्त दिसणारं गावाकडचं ३० घेऊन जातं. जाहिरातवाल्याने काय केलं? 'इकडे रेट चांगला मिळतोय' म्हणून गेल्या तीन महिन्यांत इकडचं बजेट वाढवलं. त्याच्या पानावर फक्त आणणावळ दिसते, दुसरी ऑर्डर दिसत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही, हा हिशोब तुमच्याकडेच होऊ शकतो.

पण 'इकडच्या जाहिराती बंद' एवढ्यावर मी थांबणार नाही. गेल्या वर्षीच्या एप्रिल-मेच्या ओळी वेगळ्या काढून बघा. तेव्हा इकडच्या भागातून ३१ जणांनी थेट दोन किलो मसाला घेतला होता. ही अशी घरं, जिथे आता मिरची निवडणारं कोणी राहिलं नाही. नव्वद दिवसांनी पाहिलं असतं तर ३१ पैकी एकही परतलेला नव्हता, रिपीट रेट शून्य. यंदाच्या एप्रिल-मेमध्ये त्यातले १४ परत आले आणि पुन्हा मोठीच ऑर्डर दिली. दोन किलोची ऑर्डर १,५७५ ची, सगळं वजा जाता त्यात साधारण ४७० उरतात. चौदा परत आले म्हणजे माणशी ०.४५, त्याचे २१०. मिळून ६८० च्या घरात. ही माणसं काही दिवसांनी मागेपुढे आल्याने ३६५ च्या रेघेपलीकडेही पडतात, म्हणून वर्षाचं तिखट घेणाऱ्यांसाठी मोजणी चौदा महिन्यांची ठेवा. ३१ हा आकडा लहान आहे, त्यावर फार मोठा डोलारा उभारू नका. पण इथे तशी गरजही नाही. पहिल्याच ऑर्डरीत ४७० सुटतात, म्हणजे तीनशे-साडेतीनशे घालून गिऱ्हाईक आणलं तरी पैसे तिथल्या तिथे वसूल. परत येईल की नाही याचा विचारच करावा लागत नाही.

म्हणून गावाकडची जाहिरात जून ते फेब्रुवारी बंद ठेवा आणि मार्च ते मे फक्त दोन किलोच्या पाकिटाची चालवा.

पुणे-मुंबईची मर्यादा किती ठेवायची? कागदावर ३६२ आहेत म्हणून ३६२ घालायचे नाहीत. ११० माणसांवरून काढलेला ०.९१ हा आकडा पुढच्या तुकडीत ०.७ ही निघू शकतो आणि तसं झालं तर ३६२ चे ३१६ होतात. शेडचं भाडं आणि कामाच्या बायकांचा पगार सध्या दुकानांच्या विक्रीतून निघतो, पण ऑनलाइन विक्रीनेही कधीतरी आपला वाटा उचलला पाहिजे. मी ३०० वर रेघ मारेन. आज तुम्ही ३२० वर आहात, म्हणजे थोडे वर. ते खाली आणायला आधी जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर जाहिरात खात्यात चढवून त्यांना जाहिरातीतून वगळा, म्हणजे यादीत आधीच असलेल्या त्या चौदा नंबरांवर जाणारा पैसा नव्या माणसांकडे वळेल. दुसरं, कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर आली की पार्सल बांधण्याआधी फोन किंवा व्हॉट्सअपवर 'हो' घ्या. उत्तर नाही आलं तर पाठवू नका. शंभरात बाराच्या जागी सहा परती झाल्या तरी आणणावळीत आणि भुर्दंडात दोन्हीकडे फरक पडतो.

आणि ही ३०० ची रेघ सरासरीला लावायची नाही, शेवटच्या वाढीव खर्चाला लावायची. यात भले भले फसतात. समजा पुणे-मुंबईला महिना १०,५०० घातले आणि ३३ गिऱ्हाइकं आली, म्हणजे ३१८ ला एक. पुढच्या महिन्यात १७,५०० घातले आणि ५० आली, ३५० ला एक. मर्यादा अगदी ३६२ धरली तरी सरासरी तिच्या आतच दिसते, सगळे खूश. पण वाढवलेल्या ७,००० ने फक्त १७ माणसं आणली, म्हणजे त्यांची आणणावळ ४१२. त्या प्रत्येकावर पन्नास रुपये गेले आणि आधीच्या ३३ जणांच्या नफ्याने ते झाकले. बजेट वाढवाल तेव्हा दर वेळी वाढीव रुपये भागिले वाढीव गिऱ्हाइकं करा. ते रेघेवर गेलं की एक पायरी मागे या. जाहिरात आधी ज्यांना हवंय त्यांना सापडते, मग जे नुसतं बघतात त्यांना, त्यामुळे पुढचं गिऱ्हाईक मागच्यापेक्षा महागच पडतं.

राहिला हातातल्या पैशाचा प्रश्न, आणि दीरांची खरी काळजी बहुधा हीच असावी. ३०० घालून पहिल्या ऑर्डरीत १६२ आले की १३८ अडकतात. महिना पन्नास गिऱ्हाइकं आणली तर ६,९०० अडकले, आणि दुसऱ्या ऑर्डरी सत्तर दिवसांनी सुरू होत असल्याने पहिल्या चार महिन्यांत पंचवीसएक हजार बाहेर राहतात. एरवी हे झेपेल. पण ब्याडगीच्या बाजारात मिरचीची मोठी आवक जानेवारी ते मार्चमध्ये असते आणि तुमची वर्षाची खरेदी तेव्हाच होते. ऑक्टोबरपासून जाहिरात वाढवलीत तर नेमका त्याच वेळी हात आखडेल. उधारीवर मिरची घेऊन व्याज भरायचं आणि इकडे १३८ परत यायची वाट बघायची, हे करू नका. त्यापेक्षा डिसेंबर ते मार्च पुणे-मुंबईची रेघ २०० वर आणा. गिऱ्हाइकं कमी येतील, येऊ द्यात.

मिरचीची खरेदी झाली की हा सगळा हिशोब नव्या भावाने पुन्हा करा. समजा मालाचा खर्च पहिल्या ऑर्डरीमागे ४० ने वाढला. नुकसान ४० चं नाही. पुन्हाची ऑर्डर मोठी, तिच्यात ४७ वाढतात, ते ०.९१ वेळा, म्हणजे आणखी ४३. पुण्याच्या गिऱ्हाइकाचे ३६२ घसरून २७९ वर येतात, आणि ३०० ची रेघ तोट्यात जाते. पाकिटाची किंमत वाढवायची नसेल तर रेघ त्याच दिवशी खाली ओढायची, जाहिरातवाल्याला फोन करून. नव्या तुकड्यांना वर्ष व्हायची वाट बघावी लागते हे खरं, पण अंदाजासाठी नव्वद दिवसांचा रेट जवळ ठेवा. जून-ऑगस्टच्या तुकडीत पहिल्या नव्वद दिवसांत १३ टक्के परत आले होते. पुढची तुकडी तेवढ्याच दिवसांत नऊ-दहावर दिसली, तर वर्षाअखेरची वाट न बघता खर्च कमी करा आणि त्या महिन्यात पाऊच बदलला होता, तिखटपणा बदलला होता की कुरिअर, ते शोधा.